पिशवीतली पाचवी वस्तू

नवरात्रात माझ्या घराला कुलूप लागत नाही. घट बसला की नऊ दिवस अखंड दिवा, आणि दिव्याजवळ घरात माणूस हवं. पायात चप्पल घालायची नाही, एकवेळ भगर खायची, घटावर रोज एक माळ चढवायची. सासरी आल्यापासून हे असंच चालत आलंय. एरवी मी दुपारी तासभर दुकानात जाऊन येते. या नऊ दिवसांत तेही बंद.

दुकान आमचं चिखलीतच, बसस्टँडच्या अलीकडच्या गल्लीत. चार्जर, केबल, हेडफोन, मोबाईलची कव्हरं, काचेवर लावायच्या ग्लास. विक्री आमचे हे पाहतात, गोकुळराव. लिहिणं माझ्याकडे. दुकानाच्या पेजवर फोटो टाकायचा, त्याखाली कॅप्शन लिहायची, तीच व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला लावायची, गावागावांच्या ग्रुपवर पाठवायची. चार जणांत बोलायला मला जमत नाही, आवाजच फुटत नाही. लिहायला बसलं की मात्र हात थांबत नाही.

मला मनातून काय हवं होतं तेही सांगून टाकते. मला काउंटरवर बसायचं होतं. तासभर पाहुणीसारखं येऊन स्टुलावर टेकायचं नाही, दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत. मुलगी आता कॉलेजला गेली. घरात दुपार सरता सरत नाही. दोन वर्षं हे "पाहू, पाहू" म्हणत होते. या नवरात्रात पाचव्या माळेला ते जेवायला घरी आले, तेव्हा पहिल्यांदा धड काही बोलले.

"साठ सेट आणले खामगावहून," ते म्हणाले. "दसऱ्याचा कॉम्बो काढून राह्यलो. तुह्या लिवण्यानं गिऱ्हाईक आलं, तं दसऱ्यापासून काउंटरवर तू बस. मी माल आणत जाईन, वसुली पाहीन."

"खरंच?"

"लिही तं आधी."

लिहायचं काय यावरून तिथेच सुरू झालं. यांचं म्हणणं, वर मोठ्ठ्या अक्षरात 'त्र्याहत्तर टक्के सूट' घाल. बसस्टँडसमोरच्या दुकानाने सत्तर टक्के लावलीय, आपण त्र्याहत्तर लावू.

"त्र्याहत्तर कुठून आले?"

"खोक्यावरची छापील किंमत जोड सगळ्यांची. तीन हजार सातशे पंच्याण्णव. आपण देऊन राह्यलो नऊशे नव्व्याण्णवले. कर हिशोब."

हिशोब बरोबर होता. पण गळ्यात अडकवायच्या ज्या नेकबँड हेडफोनवर एकोणीसशे नव्व्याण्णव छापलेत तो आम्ही वर्षभर पाचशे नव्व्याण्णवला विकतो. एकोणीसशेला आजवर कुणी घेतला नाही, कुणी मागितलाही नाही.

"रोजचे भाव लिहू," मी म्हटलं. "एकेक वस्तूचा भाव, खाली बेरीज, मग कॉम्बोचा भाव, मग वाचले किती. माणसाला बोटावर मोजता आलं पाहिजे."

"बोटावर मोजत कोण बसते वं, लोक टक्के पाहून येतात," हे हसले. "बरं, लिही बापा. अन् वॉरंटी एक वर्ष टाक. तेवढं तं टाक."

"एक वर्ष कशाला आहे?"

"कशाले नाई. पण एक वर्ष लिवलं की माणूस पायरी चढते."

मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. हे उठले, हात धुता धुता म्हणाले, "लिही मंग तुह्या मनानं. फोन कर, भाव सांगतो."

मला तेव्हा जरा बरंच वाटलं, कबूल करते. आपण खरेपणाच्या बाजूने उभं राहिलो, या विचाराने समईत तेल घालतानाही हात हलका झाला होता.

सहाव्या माळेला सकाळी यांनी फोटो पाठवला. निळ्या मखमलीच्या कापडावर चार्जरचं खोकं, त्यापुढे वेटोळं करून ठेवलेली पांढरी केबल, नेकबँड, कव्हर, ग्लासचं पाकीट. मी बोट ठेवून मोजलं. पाच वस्तू. मग फोन केला. मागे गिऱ्हाईकांचा गलका.

"चार्जर?"

"चारशे एकोणपन्नास. बोल लवकर."

"केबलचा भाव?"

"एकशे एकोणपन्नास. नेकबँड तुले माहीत हाये. कव्हर दीडशे, ग्लास शंभर, लावून."

"वॉरंटी?"

"चार्जर सहा महिने, नेकबँड सहा महिने, केबल तीन. कव्हर-ग्लासले काहीच नाई. ठेवतो."

मी देवापुढे पाटावर बसून लिहिलं.

*दसरा कॉम्बो, फक्त ₹९९९*
*चार्जर, २० वॅट, टाइप-सी : ₹४४९*
*डेटा केबल : ₹१४९*
*नेकबँड : ₹५९९*
*बॅक कव्हर : ₹१५०*
*टेम्पर्ड ग्लास, लावून : ₹१००*
*सुटं घेतलं तर एकूण : ₹१,४४७*
*कॉम्बोत : ₹९९९*
*तुमचे वाचले : ₹४४८*
*हे आमच्या दुकानातले रोजचे भाव आहेत, खोक्यावरची छापील किंमत नाही.*
*वॉरंटी बिलाच्या तारखेपासून : चार्जर ६ महिने, नेकबँड ६ महिने, केबल ३ महिने. कव्हर आणि ग्लासला वॉरंटी नाही. ग्लास लावताना समोर तपासून घ्या. जळालेली, तुटलेली, पाणी गेलेली वस्तू वॉरंटीत बसत नाही.*
*बिल नाही तर वॉरंटी नाही. बिलावर आपला मोबाईल नंबर आवर्जून लिहून घ्या.*
*दसऱ्यापर्यंत, ६० संच आहेत तोवर.*

बेरीज तीनदा तपासली. पेजवर टाकलं, स्टेटसला लावलं, नऊ ग्रुपवर पाठवलं. संध्याकाळी आरतीच्या आधी यांचा फोन आला, आवाजात साखर. "चौदा गेले. लोक मोबाईल दाखवूनच मांगून राह्यले. म्हणतात, असं साफ कोणी लिवत नाई."

मी दसऱ्यानंतर काउंटरवर कुठली साडी नेसून बसायचं याचाही विचार केला, हे लिहायला नको, पण केला.

सातव्या माळेला दुपारी साडेबाराच्या सुमारास फोन वाजला म्हणून पाहिलं तर पेजवर कॉमेंट आली होती. नाव प्रसेनजित. सोबत फोटो. एसटी स्टँडच्या चहाच्या टेबलावर आमची पिशवी, आणि पिशवीतलं सगळं मांडलेलं.

*कॅप्शनमध्ये पाच वस्तू, पिशवीत चार. केबल कुठे आहे?*

मी फोटो मोठा करून पाहिला. खोकं, नेकबँड, कव्हर. ग्लास मोबाईलला लावलेली असणार. केबल खरंच नव्हती. यांनी घाईत घालायची विसरली असेल, असं समजून मी लिहायला घेतलं की दादा, दुकानात या, देतो. तेवढ्यात त्याच माणसाची दुसरी ओळ आली.

*दुकानात फोन केला. दुकानदार म्हणतात, केबल चार्जरच्या खोक्यातच आहे. मग चार्जर ४४९ मध्ये केबल धरलेली असताना पुन्हा १४९ कशाचे जोडले?*

मी यांनी पाठवलेला फोटो पुन्हा उघडला.

चार्जरचं खोकं. मी ते उघडून पाहिलंच नव्हतं. फोटोतली ती वेटोळं केलेली केबल खोक्यातूनच काढून पुढे ठेवली होती, फोटो भरलेला दिसावा म्हणून. आणि मी भाव विचारला तेव्हा यांनी भिंतीवर लटकलेल्या सुट्या केबलचा भाव सांगितला. कोणी खोटं बोललं नव्हतं. फक्त बेरजेत एक केबल दोनदा आली होती.

यांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. "गिऱ्हाईक हाये, मंग बोलतो," आणि बंद. तोवर कॉमेंटखाली चार-पाच जण जमले होते. कोणी हसण्याची चित्रं टाकली होती. कोणी लिहिलं होतं, *सगळे सारखेच, फक्त याची बेरीज सुंदर आहे.* ते वाक्य मला फार लागलं.

मी स्वयंपाकघरात गेले, परत आले, पुन्हा गेले. दिव्याची वात नीट होती तरी पुढे सरकवली. मग एक गोष्ट सुचली आणि सुचली तेव्हा सुटकेसारखी वाटली. कॅप्शन बदलता येते. केबलची ओळ काढायची, चार्जरपुढे 'केबलसह' लिहायचं, बेरीज बदलायची, आणि त्या माणसाची कॉमेंट उडवायची. अर्ध्या मिनिटाचं काम. दुकानात यांनाही कळणार नाही की मी काय लिहिलं होतं. दसऱ्याचं बोलणं जिथल्या तिथे राहील.

केबलची ओळ पुसली. एक हजार दोनशे अठ्ठ्याण्णव. त्यातून नऊशे नव्व्याण्णव गेले, राहिले दोनशे नव्व्याण्णव. आता नुसतं 'पूर्ण' दाबायचं होतं. अंगठा तिथवर गेला. पण काल चौदा गेले होते, आज सकाळी आणखी काही गेले असतील. त्या लोकांनी चारशे अठ्ठेचाळीस वाचले म्हणून पैसे दिले होते. मी इथे आकडा बदलून त्यांच्या पिशवीत काय बदलणार होते? बदललेलं तसंच टाकून दिलं, जतन केलं नाही, आणि दार उघडून समोरच्या रुक्मिणीबाईंना हाक मारली.

रुक्मिणीबाई आमच्या शेजारच्या. सत्तरीच्या, तोंडाने फटकळ. दारात येऊन म्हणाल्या, "काऊन वं, तोंड उतरलं? उपासानं चक्कर आली काय?"

"काकू, अर्धा-पाऊण तास दिव्यापाशी बसाल का? मला दुकानात जावं लागतंय."

त्यांनी माझ्याकडे, मग दिव्याकडे पाहिलं. "अन् तुह्या नेमाचं काय? तूच सांगे ना, घट बसला की उंबरा वलांडत नाई म्हणून."

"दिव्याला माणूस पाहिजे, काकू. तुम्ही माणूस आहात."

"एवढ्या वर्षांत आजच समजलं तुले," त्या म्हणाल्या आणि पाटावर बसल्या. "जा. तेलाची वाटी इकडं सरकव. अन् चप्पल घाल, सडक तापली हाये."

चप्पल नाही घातली. घर ते दुकान चालत बारा मिनिटं. रस्त्यावर सोयाबीनने भरलेले ट्रॅक्टर बाजार समितीकडे चालले होते, आणि सडक खरंच तापलेली होती. मी कडेच्या मातीवरून, दुकानांच्या सावलीसावलीने चालले. सारखं मागे वळून पाहावंसं वाटत होतं, जसं काही घर तिथून दिसणार होतं. तेल पुरेल का? काकूंना डुलकी लागते दुपारची. मध्येच वाटायचं परत फिरावं. मग पुढे पाहून चालायचे.

दुकानात पोचले तेव्हा प्रसेनजित तिथेच होता, माझ्याच स्टुलावर बसलेला. तिशीचा, चष्मेवाला, खांद्याला कापडी पिशवी. दुसरबीडच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळतो, हे मागून कळलं. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायला गावातल्या लोकांची गाडी ठरवायला चिखलीत आला होता.

हे काउंटरमागे उभे होते, घामेजलेले. मला पाहून आधी माझ्या पायांकडेच पाहिलं. "तू काऊन आली? दिवा?"

"काकू बसल्यात. एक खोकं द्या."

"कोणतं खोकं?"

"चार्जरचं."

त्यांनी दिलं. मी नखाने चिकटपट्टी काढली. आत कागदाच्या खाचेत चार्जर, खाली गुंडाळलेली केबल. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं होतं, ते उजेडाकडे धरून वाचलं. वॉरंटी सहा महिने, फक्त अडॅप्टरला. सोबतची केबल वॉरंटीत नाही.

"तुम्ही तीन महिने सांगितले होते केबलला," मी म्हटलं.

"ते सुट्या केबलले. भिंतीवरच्या. ती वेगळ्या कंपनीची हाये."

"म्हणजे वॉरंटीही चुकली."

प्रसेनजितने चष्मा वर केला. "तेच मी कधीचा सांगून राह्यलो, वहिनी. गोकुळभाऊ म्हणतात, केबल तं हायेच ना. हाये, मी कुठं नाई म्हणतो. पण माह्या मायचा फोन अन् माहा फोन, दोन्ही गाडीत चार्ज करायचे. कॅप्शन वाचून म्हटलं, एक खोक्यातली, एक वरची. म्हणून घेतला कॉम्बो. नाई तं मले नेकबँड काय कामाचा."

"फसवलं नाई तुले कोणी," हे म्हणाले.

"फसवलं म्हणतो काय मी? बेरीज चुकली म्हणतो. बेरजेले बेरीजच म्हणतो मी."

हे माझ्याकडे वळले, आवाज खाली आणून. "पोस्ट उडव. आत्ताच्या आत्ता. याले एक केबल देऊन टाकतो, मिटलं."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीचे काय खोके घेऊन मोजत बसले? केबल त्याइलेबी भेटली ना."

"अहो, लिहिलेलं आहे ते पाच वस्तूंचं. एक तर लिहिलेलं बदलायचं, नाही तर पिशवी बदलायची. ज्यांनी नेली, त्यांचं लिहिलेलं आता बदलता येत नाही."

माझा आवाज नेहमीसारखाच होता, पण दुकानात दोन बाया कव्हर पाहत होत्या त्या थांबल्या. यांचा चेहरा लाल झाला. "लिवलं कोणं? मी लिवलं? मी सांगतलं होतं तुले त्र्याहत्तर टक्के, ते नाई पटलं. म्हणे बोटावर मोजता आलं पाह्यजे. मोजलं पाह्य आता लोकाइनं."

हे खरंच होतं. त्र्याहत्तर टक्के लिहिलं असतं तर प्रसेनजितला मोजायला काही हाती लागलंच नसतं. स्वच्छ लिहिलं म्हणून चूक दिसली. मी ते काउंटरवर मान खाली घालून ऐकलं.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "खोकं न उघडता लिहिलं. आता किती गेलेत?"

मी बिलबुक ओढलं. कालची चौदा, आजची नऊ. तेवीस बिलं, आणि प्रत्येक बिलावर मोबाईल नंबर. आमच्या दुकानात नऊशे रुपयांना बिल मागणारा माणूस विरळा. पण कॅप्शनमध्ये लिहिलं होतं ना, बिल नाही तर वॉरंटी नाही, नंबर आवर्जून घ्या. लोकांनी ते वाचलं होतं आणि मागून मागून लिहून घेतलं होतं.

"सुट्या केबली किती आहेत?"

"चाळीसेक. कायले?"

"तेवीस काढा."

"बासष्ट रुपये खरेदी हाये एकेकीची. तेवीस म्हणजे चौदाशे सव्वीस. दोन दिवसांचा कॉम्बोतला..." ते मध्येच थांबले, कारण प्रसेनजित ऐकत होता. मग म्हणाले, "अन् उरलेल्या सदतीस सेटले?"

"त्यांना नवीन मजकूर. चार वस्तू, दोनशे नव्व्याण्णव वाचले. केबल खोक्यातली, तिला वॉरंटी नाही."

"मंग कोण घेईन? स्टँडवाला सत्तर टक्के लावून बसला."

मी खरं ते सांगितलं. "माहीत नाही."

त्या दोन बायांतली एक म्हणाली, "भाऊ, हे कव्हर काढून दाखवा बरं," आणि हे तिच्याकडे वळले. कव्हर दाखवता दाखवताच एका हाताने भिंतीवरच्या खिळ्यांवरून केबलची पाकिटं काढली आणि न मोजता माझ्यापुढे टाकली. सव्वीस निघाली. तीन मी परत टांगली.

प्रसेनजितला पहिली दिली. त्याने पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. "हिले तीन महिने?"

"हो. बिलावर लिहून देते." मी त्याच्या बिलाखाली लिहिलं, 'सुटी केबल १, वॉरंटी ३ महिने', तारीख टाकली, सही केली.

"कॉमेंट काढू काय मी?" तो म्हणाला. "तुमचं नुकसान नको व्हायले."

त्याने काढली असती तर मला किती बरं वाटलं असतं ते मलाच माहीत. पण खाली तेवीस लोकांतले कोणी असतील, त्यांनाही कळायला हवं होतं. "राहू द्या," मी म्हटलं. "त्याखाली मीच लिहिते."

उभ्या उभ्या लिहिता येईना. बिलबुक एका बाजूला, मोबाईल एका बाजूला. पाय भाजून निघाले होते, आता जाणवायला लागलं. हे आतून खुर्ची ओढून म्हणाले, "बस तिकडं. मधात उभी राहू नको." ती काउंटरमागची खुर्ची होती. मी बसले. त्या वेळी ते लक्षातही आलं नाही.

*आमची चूक झाली. कालच्या मजकुरात केबल वेगळी धरली होती; ती चार्जरच्या ₹४४९ मध्येच येते.*
*आजपासून दसरा कॉम्बो, चार वस्तू :*
*चार्जर, केबलसह : ₹४४९*
*नेकबँड : ₹५९९*
*बॅक कव्हर : ₹१५०*
*टेम्पर्ड ग्लास, लावून : ₹१००*
*एकूण : ₹१,२९८. कॉम्बोत : ₹९९९. वाचले : ₹२९९*
*वॉरंटी : चार्जरच्या अडॅप्टरला ६ महिने, नेकबँडला ६ महिने. खोक्यातली केबल, कव्हर, ग्लास यांना वॉरंटी नाही. बाकी अटी त्याच.*
*ज्या २३ जणांनी आधीचा मजकूर वाचून कॉम्बो नेला, त्यांची सुटी केबल दुकानात काढून ठेवली आहे. बिल घेऊन या, पैसे लागणार नाहीत.*

जुनी पोस्ट तशीच ठेवली, तिच्यावर फक्त 'दुरुस्ती खाली पाहा' असं लिहिलं. मग बिलबुकातून एकेक नंबर लावायला सुरुवात केली. मी, जिला चार जणांत आवाज फुटत नाही. पिंपळगाव राजाचे एक हिंमतराव म्हणून होते, त्यांना वाटलं बँकेचा फसवणुकीचा फोन आहे. म्हणाले, "ओटीपी नाई देत मी," आणि ठेवून दिला. पुन्हा लावला. "काका, ओटीपी नको, केबल न्या." "फुकट कायले देता?" "फुकट नाही, तुमचीच आहे." पलीकडे बायकोला सांगताना ऐकू आलं, "पाह्य वं, दुकानवाली म्हणते आपलीच केबल तिकडं राह्यली."

सतरा जणांशी बोलणं झालं. चार जणांनी उचलला नाही, त्यांना निरोप लिहून पाठवला. एका बिलावरचा नंबर लागलाच नाही. प्रसेनजित तर समोरच होता.

मग एकदम दिवा आठवला. दीड तास झाला होता. काकूंना मी पाऊण सांगून आले होते. पिशवी घेतली नाही, काही नाही, तशीच निघाले. परतीची सडक मातीवरून चालले की डांबरावरून, मला आठवत नाही.

दार उघडंच होतं. रुक्मिणीबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेल्या. दिवा जळत होता. मी उंबऱ्यातच थांबले.

"झोपली नाई मी," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "दोनदा तेल घातलं. मिटला तुहा लोच्या?"

"माहीत नाही, काकू."

खरंच माहीत नव्हतं. आठव्या माळेला सकाळी दोनच सेट गेले. यांनी फोनवर तेवढा आकडा सांगितला आणि पुढे काही नाही. स्टँडसमोरच्या दुकानात रांग होती म्हणे. माझा जीव घरात थाऱ्यावर नव्हता. माळ ओवताना झेंडूची फुलं दोनदा मोजली. दुपारनंतर केबल न्यायला लोक येऊ लागले. काही जण एकटे आले, काही जण सोबत कोणाला घेऊन. हिंमतरावांनी भाच्याला आणलं आणि त्याला चार वस्तूंचा कॉम्बो घ्यायला लावला, वर सांगितलं, "इथं चुकलं तं घरी फोन करतात." नवमीला संध्याकाळपर्यंत सदतीसपैकी एकोणीस गेले. अठरा उरले. साठही गेले नाहीत, काही नाही. दिवाळी आहे पुढे, त्या वेळी काढू, असं हे म्हणाले, पण ते स्वतःलाच सांगत होते.

काउंटरचं बोलणं कोणी काढलं नाही. मी तर नाहीच.

दसऱ्याला घट हलवला, देव उठवले, नऊ दिवसांनी पायात चप्पल घातली आणि दुकानाच्या पूजेला गेले. यांनी काउंटरवर मोजायचा कॅल्क्युलेटर, ग्लास लावायची पट्टी, बिलबुक, सगळं मांडलं होतं. झेंडूचं तोरण लावलं होतं. मी हळदकुंकू वाहिलं. हे आपट्याची पानं बिलबुकावर ठेवून म्हणाले, "उद्या दिवाळीचा माल उतरते."

"बरं."

"खोके तूच उघड सगळे. लिवायच्या आधी. मले फोनवर भाव पुसत बसू नको." मग मोबाईलकडे पाहत, जसं काही दुसरंच बोलत आहेत, "नऊले उघडतो मी दुकान. डबा दोघांचा घेजो."

मी हो म्हटलं. खुर्ची जरा उंच आहे, माझे पाय टेकत नाहीत, तेही म्हणाले नाही.

बसल्या जागेवरून भिंत समोर दिसते. तेवीसपैकी बावीस केबली गेल्या. एक राहिली आहे. बिल नंबर एकशे सत्तावीस, नावाच्या जागी नुसतं 'पाटील', आणि नंबर नऊच आकडी. घाईत एक आकडा राहिलाय. कुठला ते कळायला मार्ग नाही. पाकिटाला चिठ्ठी अडकवून खिळ्यावर टांगली आहे. दारात कोणी थांबलं की मी आधी त्याच्या हातात पिशवी आहे का ते पाहते.